सहा महिने अधिक दोन आठवडे: प्रोबेशन नेमकं संपतं कधी?

परशुराम_घाट (धागाकर्ता)
लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ३० ऑगस्ट २०२४ ला लॅबमध्ये रुजू झालो. नेमणूकपत्रात ‘रुजू तारखेपासून सहा महिने प्रोबेशन’ असं आहे. २४ फेब्रुवारीला पत्र मिळालं, ‘प्रोबेशन दोन आठवड्यांनी वाढवण्यात येत आहे’. त्यात तारीख नाही. एचआरच्या शीटमध्ये १३ मार्च दिसते, हजेरीच्या पोर्टलवर १६ मार्च, आणि माझे सिनियर म्हणतात १४. मला गोव्यात दुसरी नोकरी मिळतेय. प्रोबेशनमध्ये नोटीस सात दिवसांची, कायम झाल्यावर दोन महिन्यांची. म्हणून विचारतो, खरी तारीख कोणती?

खाडीपट्टा
सहा महिने म्हणजे १८० दिवस, हिशोब सोपा आहे. ३० ऑगस्ट धरून मोजलं तर १८० वा दिवस २५ फेब्रुवारीला येतो. त्यात चौदा मिळवा, ११ मार्च. तिन्ही तारखा चुकीच्या. आणि पत्र २४ ला मिळालं, म्हणजे मुदत संपायच्या आदल्या दिवशी, हे तुमच्या कंपनीचं नशीब.

वाशिष्ठीकाठ
खाडीपट्टा, पत्रात १८० दिवस लिहिलं असतं तर तुमचं बरोबर होतं. तिथे ‘महिने’ लिहिलंय. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना. तो कायदा कायद्यांच्या भाषेसाठी आहे हे खरं, पण करारातला महिनाही सहसा तसाच वाचतात. लवादाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये साफ सांगितलं, तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत. इथे तर ३० ऑगस्ट ते २८ फेब्रुवारी धरून १८३ दिवस होतात. तुमच्या पद्धतीने माणसाचे तीन दिवस जातात.

आता तीन तारखा आल्या कुठून ते पाहा. पोर्टलवर बहुतेक असं सूत्र असणार:

```
=DATE(YEAR(A2),MONTH(A2)+6,DAY(A2))
```

हे ३० फेब्रुवारी शोधतं. तो दिवस नाही, म्हणून पुढे सरकून २ मार्च देतं. त्यात चौदा मिळवले की १६. शीटमध्ये हे असणार:

```
=EDATE(A2,6)-1
```

EDATE महिन्याच्या शेवटच्या दिवसावर थांबतं, म्हणून २८ फेब्रुवारी. त्यातून एक वजा, २७. अधिक चौदा, १३ मार्च. दोन्ही आकडे यंत्राने बरोबरच काढलेत, प्रश्न चुकीचा विचारला गेलाय.

रत्नांग्रीची_लेक
मी रत्नागिरीत एका कारखान्याचं एचआर बघते. एक वजा करणं चुकीचं कसं? रुजू झालेल्या दिवशी माणसाने काम केलं, पगार घेतला, तो पहिला दिवस धरायलाच हवा. १६ ऑगस्टला रुजू झालेल्याचे सहा महिने १५ फेब्रुवारीला संपतात, १६ ला नाही. हाच नियम सगळ्यांना लावायचा. दर माणसाला वेगळं गणित केलं तर उद्या दोघे शेजारी बसून तारखा जुळवतील आणि माझ्या टेबलापाशी येतील.

वाशिष्ठीकाठ
ताई, १६ ऑगस्टवाल्याचं तुमचं मला पटतं. पण इथे सूत्र बाजूला ठेवून हाताने मोजून पाहा. पहिला महिना ३० ऑगस्ट ते २९ सप्टेंबर. दुसरा २९ ऑक्टोबरला संपला, तिसरा २९ नोव्हेंबरला, चौथा २९ डिसेंबरला, पाचवा २९ जानेवारीला. सहावा ३० जानेवारीला सुरू झाला आणि २९ फेब्रुवारीला संपायला हवा. २०२५ मध्ये २९ फेब्रुवारी नाही, म्हणून महिन्याचा शेवटचा दिवस, २८. तुमच्या पद्धतीने पहिला दिवस धरूनसुद्धा उत्तर २८ च येतं, २७ नाही. EDATE ने महिना आधीच आखडता घेतलाय, त्यावर तुम्ही पुन्हा एक दिवस कापताय.

आणि जे म्हणतात ‘पासून’ असेल तर रुजू दिवस सोडायचा, ते ३१ ऑगस्टपासून मोजतील आणि त्यांनाही २८ च मिळेल. १६ ऑगस्टला या दोन मतांमध्ये एका दिवसाचा फरक पडला असता. परशुरामच्या प्रकरणात तो वादच उरत नाही. वाढीव मुदत १ मार्चला सुरू, चौदावा दिवस १४ मार्च. वार जुळवून पाहा: २८ फेब्रुवारी शुक्रवार होता, १४ मार्चही शुक्रवार. पूर्ण आठवडे वाढवले की वार तोच यायला हवा. २८ पासून मोजताना तुमच्या हाती गुरुवार किंवा रविवार आला, तर कुठेतरी हात चुकलाय.

मालवण_किनारा
१४ मार्चला धुळवड आहे, सुट्टी. कोकणात शिमग्याला कोण ऑफिस उघडतं? मुदत सोमवारी १७ तारखेला जाणार. माझ्या हॉटेलातल्या नोकरीत असंच झालं होतं, मी गणपतीला घरी होतो, तेवढे दिवस मालकाने प्रोबेशन पुढे ढकललं. तुमचेही दोन आठवडे गणपतीच्या रजेचेच असतील.

परशुराम_घाट
नाही दादा, रजा मी तीनच दिवस घेतली होती, तीही मंजूर. पत्रात कारण ‘कामाचं मूल्यमापन बाकी’ असं आहे.

रत्नांग्रीची_लेक
मालवणवाले, सुट्टीमुळे प्रोबेशन पुढे जात नाही. कोर्टात किंवा कार्यालयात काही दाखल करायची शेवटची तारीख सुट्टीवर आली तर पुढच्या कामाच्या दिवसाची सवलत असते. इथे काही दाखल करायचं नाही, फक्त मुदत संपतेय. रजेचे दिवस मिळवायचे तर तसं कलम नेमणूकपत्रात लागतं. आमच्याकडे ते आहे, सगळीकडे नसतं.

बाकी १४ तारखेचं मोजून पाहिलं. या माणसापुरतं मान्य. सूत्र मात्र मी बदलणार नाही. महिनाअखेरीला रुजू होणारे आमच्याकडे फार थोडे, त्यांचं हाताने बघू.

वाशिष्ठीकाठ
थोडेच असतात, आणि चूक त्यांच्याच वाट्याला येते. सूत्रात एक अट घातली की झालं: रुजू तारखेचा आकडा सहा महिन्यांनंतरच्या महिन्यात सापडत नसेल तर एक वजा करू नका.

खाडीपट्टा
१८० चं सोडून देतो. पण १५ मार्चला पत्र आलं नाही तर हा आपोआप कायम झाला की नाही? मी तर म्हणतो झाला.

वाशिष्ठीकाठ
इतकं सरळ नाही. धरम सिंग प्रकरणात १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम झाल्याचं मानलं, कारण नियमातच प्रोबेशनची कमाल मर्यादा होती आणि ती उलटली होती. ‘लेखी आदेशाशिवाय कायम नाही’ असं कलम असेल तर मुदत उलटूनही माणूस प्रोबेशनवरच राहतो, असेही निकाल आहेत. शिवाय ते सरकारी नोकरीचे नियम, तुमचं खाजगी नेमणूकपत्र. परशुराम, तुमच्या पत्रात कमाल मर्यादा आणि लेखी आदेश, यांपैकी काय आहे?

परशुराम_घाट
‘समाधानकारक काम असल्यास लेखी कळवण्यात येईल’ एवढंच आहे. मर्यादा काही दिसत नाही.

रत्नांग्रीची_लेक
मग ते दोन्हीकडे ओढता येईल. मी कंपनीच्या बाजूने म्हणेन की लेखी कळवलं नाही म्हणजे प्रोबेशन चालू, नोटीस सात दिवसांची. गंमत म्हणजे या वेळी तेच तुमच्या फायद्याचं आहे. पण कंपनीला तुम्हाला जाऊ द्यायचं नसेल तर तीच कंपनी ‘कायम झालात, दोन महिने द्या’ असंही म्हणेल.

वाशिष्ठीकाठ
म्हणून त्या वादात शिरूच नका. राजीनामा १२ किंवा १३ मार्चला ईमेलने द्या आणि पोचही घ्या. १३ हा तिन्हींतल्या सगळ्यात आधीच्या, म्हणजे शीटमधल्या तारखेच्याही आत आहे, त्यामुळे तारीख कोणाचीही मानली तरी तुम्ही प्रोबेशनवरच ठरता. सात दिवस मोजता मोजता मुदत ओलांडली जाईल. माझ्या मते नोटीस राजीनामा दिला त्या दिवशीच्या स्थितीनुसार लागते, मात्र पत्रात ‘प्रोबेशनच्या काळात सेवा संपल्यास’ अशी भाषा असेल तर ती ओळ इथे टाका.

परशुराम_घाट
ओळ अशी आहे: ‘प्रोबेशन काळात कोणताही पक्ष सात दिवसांची नोटीस देऊन सेवा समाप्त करू शकतो.’

रत्नांग्रीची_लेक
‘प्रोबेशन काळात’ हे नोटीस देण्याला लागतं की सेवा समाप्तीला? मी कंपनीत असते तर समाप्तीला लावलं असतं. ६ मार्चला नोटीस दिली तर सात दिवस १३ लाच संपतात, तो रस्ता जास्त सुरक्षित.

वाशिष्ठीकाठ
मी ते नोटीस देण्यालाच लावेन, पण ६ तारखेला द्यायला माझी हरकत नाही.