मदत हवी आहे: नेटवर्क प्रिंटर काही सोमवारी रुसून बसतो, जॉब रांगेत अडकतात

कारकून_क्र_१
ऑफिसात बावीस जण आणि सगळ्यांना मिळून एकच लेझर प्रिंटर, केबलने स्विचला जोडलेला. निम्मे डेस्कटॉप केबलवर, निम्मे लॅपटॉप वायफायवर, सगळीकडे विंडोज. आयटीचा माणूस वेगळा नाही. मला थोडंफार कळतं म्हणून हे काम माझ्या गळ्यात.

त्रास असा की काही सोमवारी सकाळी पाच-सहा डेस्कटॉपवरून प्रिंट जातच नाही. जॉब रांगेत बसतो, प्रिंटर Offline दिसतो. त्याच वेळी शेजारच्या लॅपटॉपवरून प्रिंट निघते, पण दीड-दोन मिनिटांनी. दर सोमवारी होत नाही, म्हणून जास्त डोकं फिरतं. प्रिंटर काढून पुन्हा जोडला की काही दिवस बरं चालतं. केबल बदलली, ड्रायव्हर नवा टाकला. पिंगला उत्तर येतं, म्हणजे नेटवर्क ठीक असावं. मग अडतंय कुठे?

शाईचा_डाग
आमच्याकडेही डिट्टो! प्रिंट अर्धी येते आणि कागद अडकतो. रोलर पुसून घ्या, फरक पडेल.

कारकून_क्र_१
कागद नाही हो अडकत, जॉब अडकतो. प्रिंटरपर्यंत पोचतच नाही.

जुना_खिळा
प्रिंटरचा आयपी बदलत असणार, दुसरं काही नाही. प्रिंटरच्या पॅनेलवर जाऊन हाताने एक पत्ता घालून टाका, मोकळे व्हा. मी सगळीकडे हेच करतो.

रात्रपाळी
निदान बरोबर आहे, पण औषध देण्याआधी दोन गोष्टी बघू. कारकून, प्रिंट न जाणाऱ्या एका डेस्कटॉपवर आणि उशिरा जाणाऱ्या एका लॅपटॉपवर पॉवरशेलमध्ये हे चालवा:

```
Get-Printer | Select-Object Name, PortName
```

आणि पिंग नक्की कोणत्या पत्त्याला केलंत? उत्तर प्रिंटरनेच दिलं हे कशावरून? प्रिंटरच्या पॅनेलवरून नेटवर्कचं पान छापा, त्यावरचा मॅक पत्ता बघा आणि डेस्कटॉपवरच्या या उत्तराशी ताडून पाहा:

```
ping 192.168.1.37
arp -a 192.168.1.37
```

३७ च्या जागी पोर्टमध्ये दिसेल तो पत्ता घाला.

कारकून_क्र_१
तुम्ही ३७ अंदाजाने लिहिलंत आणि नेमका तोच निघाला! डेस्कटॉपवर पोर्ट 192.168.1.37 आहे. लॅपटॉपवर पोर्टचं नाव WSD- ने सुरू होतं, पुढे लांबलचक आकडे-अक्षरं. प्रिंटरच्या पानावर मात्र पत्ता 192.168.1.52 आहे. मॅकही जुळत नाही. राउटरच्या यादीत शोधलं तर ३७ हा आमच्याच एका सहकाऱ्याचा फोन. म्हणजे आठवडाभर मी फोनला पिंग करून प्रिंटर ठीक असल्याचं सांगत होतो.

रात्रपाळी
होतं असं. पिंगला उत्तर आलं याचा अर्थ त्या पत्त्यावर कोणीतरी आहे, एवढाच.

तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्ही एकाच सकाळी दिसतात, म्हणून घोळ होतो. डेस्कटॉपना ३७ हा पत्ता पक्का सांगितलेला आहे. ते तिथे ९१०० पोर्टवर दार ठोठावतात, फोन दार उघडत नाही, जॉब तसाच पडून राहतो. Offline दिसतं तेही त्यामुळेच: विंडोज त्या पत्त्याला एसएनएमपीने प्रिंटरची अवस्था विचारते आणि फोनला त्यातलं काही कळत नाही.

लॅपटॉपचं उलट. डब्ल्यूएसडी पोर्ट पत्त्यावर विसंबत नाही, प्रिंटरच्या ओळखीवर विसंबतो. पत्ता हरवला की लॅपटॉप सगळ्या नेटवर्कला विचारतो, ‘या ओळखीचा प्रिंटर कुठे आहे?’ हा प्रश्न यूडीपी ३७०२ वर मल्टिकास्टने जातो. उत्तर आलं की छपाई सुरू. काही वायफाय राउटर मल्टिकास्ट नीट पुढे पाठवत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न वाटेत हरवू शकतो. प्रिंटर गाढ झोपेत असेल तर तोही उठून उत्तर द्यायला वेळ लावू शकतो. तुमची दीड-दोन मिनिटं तिथेच जात असावीत.

एक विचारतो: शनिवारी प्रिंटर बंद करता का? आणि राउटरवर लीज, म्हणजे दिलेला पत्ता वापरायची मुदत, किती तासांची आहे?

कारकून_क्र_१
शनिवारी दुपारी दोनला मुख्य बटणच बंद करतो, सोमवारी नऊला चालू. लीज २४ तासांची.

रात्रपाळी
मग कोडं सुटलं. बंद असताना ४३ तास जातात, लीज त्याच्या खूप आधी संपते. एरवी रात्री प्रिंटर नुसता झोपलेला असतो, साधारण निम्मी मुदत झाली की लीज वाढवून घेतो, म्हणून आठवडाभर कुरकुर नाही. सोमवारी तो आधी आला आणि जुना पत्ता मोकळा असला, तर राउटर बहुतेक वेळा तोच परत देतो. त्याच्या आधी कोणाचा फोन येऊन ३७ घेऊन बसला की झालं. दर सोमवारी होत नाही ते यामुळे.

जुना_खिळा
म्हणजे मी म्हटलं तेच! पत्ता पक्का करा.

रात्रपाळी
हो, पण कुठे, ते महत्त्वाचं. पॅनेलवर ५२ घालून टाकला आणि राउटरच्या वाटपाची हद्द २० ते १०० असेल, तर राउटर एक दिवस तोच पत्ता दुसऱ्या कोणाला देऊ शकतो. एका पत्त्याचे दोन मालक झाले की आजच्यापेक्षा वाईट: प्रिंट कधी जाईल, कधी नाही. मॅकवर आरक्षण करा, नाहीतर हद्दीबाहेरचा पत्ता द्या.

जुना_खिळा
खरंय. एका ठिकाणी अधूनमधून तसाच त्रास होता, मी प्रिंटरलाच दोष देत होतो.

कारकून_क्र_१
केलं. आमच्या राउटरची हद्द खरंच २० पासून आहे. त्यात मॅकवर १० हा पत्ता राखून ठेवला, प्रिंटर बंद-चालू केला, तोच मिळाला. मग प्रत्येक मशीनवर Standard TCP/IP Port नवा केला. आधी हे तपासलं:

```
Test-NetConnection 192.168.1.10 -Port 9100
```

TcpTestSucceeded पुढे True आलं. दोन डेस्कटॉपवर जुने जॉब काही केल्या पुसले जाईनात, तिथे ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
net stop spooler
del /Q %systemroot%\System32\spool\PRINTERS\*
net start spooler
```

यात सगळ्या प्रिंटरांची रांग पुसली जाते, म्हणून आधी सगळ्यांना विचारून घेतलं.

शाईचा_डाग
मग आता आमच्या प्रिंटरच्या रोलरचं काय?

कारकून_क्र_१
वेगळा धागा काढा, लोक सांगतील.

तीन सोमवार झाले, डेस्कटॉपवर एकदाही अडलं नाही. एक शंका उरली आहे. दोन लॅपटॉपवर नवा पोर्ट असूनही पहिली प्रिंट चाळीसेक सेकंद घेते, पुढच्या लगेच निघतात.

रात्रपाळी
त्या दोघांवर जुना डब्ल्यूएसडीवाला प्रिंटर यादीत अजून आहे का? अनेकदा तोच डीफॉल्ट राहतो आणि नवा नुसता शोभेला. तो नसेल तर उरतो प्रिंटर झोपेतून उठण्याचा वेळ. सकाळी पहिली प्रिंट डेस्कटॉपवरून काढून पाहा. तीही तेवढीच हळू असेल तर लॅपटॉपचा दोष नाही.

कारकून_क्र_१
एकावर जुना सापडला आणि डीफॉल्टही तोच होता, काढला. दुसऱ्यावर नाही. उद्या सकाळी घड्याळ लावून बसतो.