मदत हवी आहे: क्यूपीएसकेचे ठिपके एकदम स्वच्छ, तरीही निम्मे बिट चुकतात

धागाकर्ता: तरंगवेडा

नमस्कार मंडळी. दोन एसडीआर केबलने जोडलेत, मधे अॅटेन्युएटर आहे. एकाकडून क्यूपीएसके पाठवतो, दुसऱ्याकडे जीएनयू रेडिओत घेतो. मॅच्ड फिल्टर, टायमिंग रिकव्हरी, मग `Costas Loop` (ऑर्डर ४) आणि शेवटी `Constellation Sink`. पडद्यावर चार कोपऱ्यांत चार गोल पुंजके दिसतात, मधे व्यवस्थित मोकळी जागा. एखादाच ठिपका अक्षाच्या जवळ भटकलेला.

पाठवलेले बिट माझ्याकडे फाइलमध्ये आहेत, त्यांच्याशी ताडून पाहिलं तर बिट एरर रेट ०.५. नाणं उडवून बिट ठरवले असते तरी एवढाच आला असता! मॅपिंग ग्रे कोडचं आहे, आय अक्षाच्या चिन्हावरून पहिला बिट आणि क्यूच्या चिन्हावरून दुसरा. चित्र इतकं छान असताना चुका येतात कुठून?

धडपड्या

०.५ म्हणजे रिसीव्हरला काहीच कळत नाहीये, नुसता नॉइज. अॅटेन्युएशन कमी करा, गेन वाढवा.

तरंगवेडा

नुसता नॉइज असता तर चार पुंजके कसे दिसले असते? मधोमध एकच ढग दिसला असता ना? तरी गेन वाढवला. पुंजके लहान झाले, आकडा ०.५ वरच.

कडीवाला

माझ्याकडेही हेच होतं! फक्त माझे ठिपके कोपऱ्यांत थांबत नाहीत, गोल गोल फिरून कडी तयार होते. कोणाला उपाय सापडला तर मलाही सांगा.

जुना ऑपरेटर

कडीवाले, तुमचं दुखणं वेगळं. कडी म्हणजे दोन्हीकडच्या ऑसिलेटरमध्ये फ्रीक्वेन्सीचा फरक उरलाय आणि लूप अजून लॉकच झालेला नाही. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

तरंगवेडा, चित्राकडून तुम्ही नको ते उत्तर मागताय. ठिपका *जवळच्या* कोपऱ्यापासून किती लांब पडला एवढंच ते दाखवतं. तो *कुठल्या* कोपऱ्यासाठी पाठवला होता हे त्याला माहीतच नसतं. नॉइजने एखादा ठिपका अक्ष ओलांडून शेजारच्या पुंजक्यात गेला, तर तो तिथलाच असल्यासारखा दिसतो.

आता लूपचं. चौकोन ९० अंशांत फिरवला तरी चौकोनच दिसतो, त्यामुळे ऑर्डर ४ चा कॉस्टास लूप चारपैकी कुठल्याही कोनात लॉक होतो आणि त्याच्या दृष्टीने चारही सारखेच बरोबर. तुमच्या मॅपिंगमध्ये ९० अंश फिरलं की प्रत्येक सिम्बॉल शेजारच्या कोपऱ्यात जातो, आणि ग्रे कोडमुळे शेजाऱ्यात फरक एकाच बिटाचा. म्हणजे दोनातला नेमका एक बिट चुकतो, दर वेळी. आला की नाही ०.५?

तेव्हा बिट सोडा, सिम्बॉल मोजा. फिरलेलं असेल तर जवळजवळ *सगळे* सिम्बॉल चुकीचे निघतील.

```python
for k in range(4):
    y = rx * (-1j)**k
    d = np.sign(y.real) + 1j*np.sign(y.imag)
    print(k, np.mean(d != tx))
```

`tx` मध्ये ±1±1j असे पाठवलेले सिम्बॉल हवेत. आणि जमलं तर ठिपक्यांना पाठवलेल्या सिम्बॉलप्रमाणे चार रंग द्या. मग चित्र बोलायला लागेल.

सरकपट्टी

एक शंका. दोन्ही फाइली एका सिम्बॉलने जरी मागेपुढे असल्या तरी बिट एरर रेट ०.५ च येतो. माझी पैज त्यावर.

जुना ऑपरेटर

बिटांचा आकडा तोच येईल, मान्य. पण फाइली सरकल्या असतील तर तुलना असंबद्ध सिम्बॉलशी होते, आणि चारातला एक योगायोगाने जुळतोच. सिम्बॉल एरर ०.७५ येईल, १ नाही. वरचा कोड दोन्हींतला फरक दाखवेल.

तरंगवेडा

चालवला. पहिल्या १ लाख सिम्बॉलवर k = 3 ला ०.००१६, बाकी तिन्ही जवळजवळ १. रंग दिले तर चारही पुंजके चुकीच्या कोपऱ्यात, एकजात! योग्य कोन धरल्यावर बिट एरर ०.०००८ वर आला.

पण मग दुसरा प्रश्न. सिम्बॉलमागे एक नमुना घेऊन एसएनआर मोजला तर १० डीबी येतो. आलेखात १० डीबीला ०.०००००४ च्या आसपास दिसतं. मला दोनशे पट जास्त चुका का?

धडपड्या

केबल बदला. कनेक्टर सैल असेल.

जुना ऑपरेटर

केबल राहू द्या. आलेखाच्या आडव्या अक्षावर काय लिहिलंय ते बघा, बहुतेक Eb/N0 असेल. तुम्ही मोजलंत ते Es/N0. सिम्बॉलमागे दोन बिट, म्हणून ऊर्जा दोघांत वाटली जाते आणि ३ डीबी कमी होतात. ७ डीबीला वाचा, ०.०००८ च दिसेल.

हाच हिशोब पुंजक्यावरूनही होतो. सरासरी सिम्बॉल ऊर्जा १ धरली तर प्रत्येक कोपरा दोन्ही अक्षांपासून ०.७१ वर. १० डीबीला नॉइजचा पसारा, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, प्रत्येक अक्षावर ०.२२. अक्ष ओलांडायला ठिपक्याला पसाऱ्याच्या सुमारे ३.२ पट सरकावं लागतं, आणि एका दिशेला तेवढं सरकण्याची शक्यता साधारण ०.०००८. आय आणि क्यूवरचा नॉइज एकमेकांशी संबंध न ठेवता ढकलतो, म्हणून सिम्बॉल एरर दुप्पट. तुमचा ०.००१६ तिथूनच आला.

सिंकमध्ये एका वेळी १०२४ ठिपके ठेवले असतील, तर त्यांत चुकलेला एखाद-दुसराच. म्हणून चित्र स्वच्छ वाटतं.

सरकपट्टी

दर वेळी हाताने k शोधणार का? डिफरेन्शियल कोडिंग लावा, कोनाची कटकटच नको.

जुना ऑपरेटर

चालेल, पण एक सिम्बॉल चुकला की त्याच्याशी जोडलेले दोन्ही फरक बिघडतात, त्यामुळे चुका साधारण दुप्पट. मी प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला ओळखीचा प्रिअॅम्बल टाकतो आणि त्यावरून कोन ठरवतो. फ्रेम लांबलचक असेल आणि मधेच लूप घसरला, तर मात्र उरलेली फ्रेम गेली. आवड आपापली.

तरंगवेडा

प्रिअॅम्बल टाकला, सुरुवात छान होते. पण लांब रेकॉर्डिंगमध्ये मधेच एका क्षणी सिम्बॉल एरर ०.००१६ वरून उडी मारतो आणि परत खाली येतच नाही. लूप घसरला असेल समजून बँडविड्थ कमी केली, फरक नाही. उडीनंतरच्या तुकड्यावर तुमचा कोड चालवला तर चारही k ला ०.७५.

सरकपट्टी

०.७५! म्हणजे आता तरी सरकलंय.

जुना ऑपरेटर

हो, हे सरकणंच. किती सरकलं ते शोधा. उडीनंतरचा तुकडा `tx` शी एकेक सिम्बॉल मागेपुढे करून जुळवा. एकाच सिम्बॉलवर जुळलं तर टायमिंग लूपने एक सिम्बॉल गिळला किंवा जास्तीचा दिला. हजारोंनी सरकलं असेल तर यूएसबीवर नमुने गळतायत.

तरंगवेडा

±५० पर्यंत पाहिलं, कुठेच जुळत नाही. टर्मिनलवर ओव्हरफ्लोचा `O` मात्र एकदाही छापलेला नाही. आता पूर्ण फाइलवर कोरिलेशन लावतो, आकडा आला की इथेच टाकतो.

कडीवाला

माझी कडी थांबली बरं का. पण आता चारऐवजी आठ पुंजके दिसतात.