हंगामासाठी ३० कोटी हवेत: कमर्शियल पेपर, सीसी वाढवून की गाठी तारण ठेवून?

सरकीपेंड_धुळे
नमस्कार मंडळी. आमची जिनिंग आणि तिला जोडून सूतगिरणी आहे. मी अकाउंट्स बघतो. बँकेची ४० कोटींची कॅश क्रेडिट म्हणजे सीसी आहे, ती दिवाळीनंतर तोंडापर्यंत भरते. कापसाची आवक जोरात असताना शेतकऱ्याला पैसे हातोहात द्यावे लागतात, उधारी चालत नाही. त्यासाठी वरचे पैसे लागतात ते असे: नोव्हेंबरात १० कोटी, डिसेंबरात ३०, जानेवारीत २५, फेब्रुवारीत परत १०. मार्चपासून गरज नाही.

मुंबईचा एक मध्यस्थ शेठजींना भेटून गेला. म्हणतो, तुमची नेटवर्थ १४० कोटी आहे, रेटिंग ए२ प्लस आहे, कमर्शियल पेपर काढा, म्हणजे गुंतवणूकदारांना थोड्या मुदतीची वचनचिठ्ठी विकून पैसे उभे करा, १२० दिवसांसाठी सव्वाआठ टक्क्यांत पैसे मिळतील. रेटिंग, पेइंग एजंट बँक, स्टॅम्प आणि त्याची फी मिळून ६ लाख सांगतोय. आमची बँक वाढीव सीसीला साडेनऊ म्हणते, वर पाव टक्का प्रोसेसिंग आणि न वापरलेल्या लिमिटवर वर्षाला पाव टक्का. तिसरा देकार गाठींच्या तारणावर ९.१ टक्के, गोदाम आणि विमा धरून आणखी साधारण १ टक्का. शेठजींच्या डोक्यात सव्वाआठच बसलंय. काय करावं?

केळीबाग_रावेर
हाई काय शे भो, ९ आणि १० टक्के? आम्हाला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर भरलं की शून्य टक्क्यानं पडतं. सोसायटीत विचारून बघा ना.

सरकीपेंड_धुळे
दादा, ते शेतकऱ्यासाठी असतं, कंपनीला मिळत नाही. आणि आमचा आकडा ३० कोटींचा आहे 🙏

ताळेबंद_जळगाव
सव्वाआठला भुलू नका. पेपर डिस्काउंटवर निघतो, म्हणजे व्याज आधीच कापून पैसे हातात येतात. १०० रुपयांच्या पेपरला १२० दिवसांचं २ रुपये ७१ पैसे कापलं की हातात येतात ९७.२९. त्या ९७.२९ वर हिशेब केला तर दर ८.४८ पडतो. सीएच्या परीक्षेत हेच घोकून घेतात. बाकी खर्च धरूनही पेपर सीसीपेक्षा स्वस्तच आहे, बिनधास्त घ्या.

तापीकाठ
माझी सगळी नोकरी बँकेच्या क्रेडिट खात्यात झाली, म्हणून लिहितो. ताळेबंदभाऊंचं सूत्र बरोबर आहे, पण आपल्या बाजारात पेपरचा दर यील्डमध्ये बोलतात. म्हणजे सव्वाआठ हा हातात येणाऱ्या पैशावरचाच दर असतो. तसं असेल तर १०० च्या पेपरला ९७.३६ मिळायला हवेत. तुमचा मध्यस्थ कोणत्या अर्थानं बोलतोय हे त्याला टक्क्यात विचारू नका. "शंभराला हातात किती पडणार?" एवढंच विचारा आणि लेखी घ्या. ९७.३६ आणि ९७.२९ मधला फरक ३० कोटींच्या पेपरवर दोन लाखांच्या वर जातो.

पण खरा घोळ दरात नाही, तो तुमच्या डिसेंबर आणि फेब्रुवारीतल्या फरकात आहे. चार महिन्यांची तुमची सरासरी गरज पावणेएकोणीस कोटी येते. पेपर काढला की ३० कोटी पहिल्या दिवशी येतात आणि १२० व्या दिवसापर्यंत अंगावर राहतात. मधे परत विकत घेता येतो, पण त्यासाठी सगळ्या धारकांना एकसारखा देकार द्यावा लागतो, आणि त्यांनी तो का घ्यावा? म्हणून व्याज वापरलेल्या पैशावर किती पडतं तेच मोजा. पावणेएकोणीस कोटींवर १२० दिवसांचा १ टक्का म्हणजे ६ लाख १६ हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यानंच भागायचंय.

पेपरचं व्याज ८१ लाख ४० हजार, वर ६ लाख खर्च. रिकामे पैसे लिक्विड फंडात ६ टक्क्यांनी ठेवलेत असं धरलं तर २२ लाख परत येतात. निव्वळ ६५ लाख, म्हणजे १०.६ टक्के. सीसीत व्याज रोजच्या बाकीवर, म्हणून ५८ लाख ६० हजारच. प्रोसेसिंग साडेसात लाख. आता न वापरलेल्या लिमिटवरचा चार्ज. लिमिट वर्षभर उघडी ठेवलीत तर तो ६ लाखांच्या आसपास जातो आणि एकूण ७२ लाख होतात, ११.७ टक्के. पण बँकेला "पीक लिमिट फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी" असं मंजूर करायला सांगितलं तर हाच चार्ज एक लाखाच्या आत येतो. मग एकूण ६७ लाख, म्हणजे १०.९. हंगामी धंद्याला बँका पीक आणि नॉन-पीक अशी वेगळी लिमिट देतात, मागणाऱ्यानं मागायला हवी.

ताळेबंद_जळगाव
यील्डचं मान्य साहेब. पण तुमच्याच हिशेबानं पेपर १०.६ आणि सीसी १०.९. म्हणजे पेपरच जिंकला की!

तापीकाठ
कागदावर जिंकला. आता दोन गोष्टी. नियमानं ए३ रेटिंगलाही पेपर काढता येतो, पण घेणारे कोण? म्युच्युअल फंडांचा पैसा बहुतेक सगळा सगळ्यात वरच्या ए१ प्लस रेटिंगमध्ये जातो. ए२ प्लसला मोजकेच घेणारे असतात. तेव्हा सव्वाआठ हा देकार आहे की अंदाज, हे आधी विचारा. पेपरला बँकेचं अंडररायटिंग नसतं. त्या आठवड्यात कुणी घेतला नाही तर डिसेंबरात काटा बंद ठेवायची वेळ येईल.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. रेटिंग एजन्सी विचारणार की १२० व्या दिवशी पैसे कुठून देणार? त्याचं उत्तर म्हणून बँकेत तेवढी लिमिट मोकळी दाखवावी लागते. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस बुडाली तेव्हा चांगल्या चांगल्या कंपन्यांना नवा पेपर काढून जुना फेडता येईना. तेव्हापासून या प्रश्नाला बगल देता येत नाही. तुमची ४० ची सीसी आधीच भरलेली आहे, म्हणजे पेपरमागे उभी करायला वेगळी ३० ची लिमिट मंजूर करून घ्यावी लागणार. तिची प्रोसेसिंग साडेसात लाख, अख्खी रिकामी राहील म्हणून चार्ज अडीच लाख. ६५ मध्ये १० मिळवा. ७५ लाख, म्हणजे १२.२ टक्के! तीच लिमिट घ्यायची असेल तर सरळ वापरा ना.

चोपडा_जिनिंग
माझी छोटी जिनिंग आहे, सीसी २ कोटींची. मला पेपर काढता येईल का? बँक मला साडेदहा लावते.

तापीकाठ
परवडणार नाही भाऊ. कंपनीला नेटवर्थची अट नाही, पण रेटिंग आणि बाकीचा खर्च दोन कोटींवर फार जड जाईल. तुम्ही व्याजदर रेपोला जोडलेला आहे का ते तपासा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या नव्या फ्लोटिंग कर्जाला ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरचा बेंचमार्क लागू आहे. जुनं खातं बँकेच्या स्वतःच्या पायाभूत दरावर, म्हणजे एमसीएलआरवर असेल तर बदलून मागा.

गोदाम_दोंडाईचा
तारणाबद्दल मी सांगते, आमच्याकडे गाठीच येतात. ९.१ अधिक १ म्हणजे १०.१, तेही उचललेल्या रकमेवरच, त्यामुळे आकड्यात हा सगळ्यात खाली दिसेल. पण दादा, नोव्हेंबरात तुमच्याकडे कापूस असतो, गाठी नसतात. आणि शेतकऱ्याला पैसे तर कापसाचे द्यायचेत. म्हणजे पहिला पैसा सीसीतूनच जाणार. गाठ बांधून, वजन करून, नमुना काढून गोदामात लागली की मगच कर्ज सुटतं.

किती सुटतं तेही बघा. ३५६ किलोच्या खंडीला ५५ हजार भाव धरला तर १७० किलोची गाठ साधारण २६ हजारांची. मार्जिन ३० टक्के, म्हणजे शंभर गाठींवर १८ लाख ४० हजार. १५ कोटी उचलायचे तर आठ हजारांवर गाठी कुलपात जातात. भाव ५० हजारांवर आला की शंभर गाठींमागे पावणेदोन लाखांच्या आसपास भरा किंवा तेवढ्या जास्त गाठी आणून द्या, असा फोन येतो. तो फोन नेमका तुमची रोकड आटलेली असताना येतो 😐

अजून एक. तुमची गिरणी आहे. चाव्या आमच्या माणसाकडे. रोज थोड्या थोड्या गाठी सोडवायच्या तर दर वेळी आधी पैसे भरा, बँकेचं पत्र आणा, मग गेट पास. शनिवारी दुपारी पत्र अडकलं तर सोमवारपर्यंत चात्या थांबतील. तारणात टाकायच्याच असतील तर ज्या गाठी दोन महिने हलणार नाहीत त्याच टाका.

सरकीपेंड_धुळे
ताई, हे आमच्या लक्षातच आलं नसतं. पण हे तारण दुसरी बँक देतेय. आमच्या बँकेचा तर सगळ्या मालावर बोजा आहे ना?

तापीकाठ
तेच लिहायला आलो होतो. आधी तुमच्या बँकेची ना-हरकत घ्या, नाहीतर त्याच गाठी दोन ठिकाणी गहाण पडतील. आणि तारणातल्या गाठी सीसीच्या स्टॉक स्टेटमेंटमधून वगळाव्या लागतात. वगळल्या की सीसीचं ड्रॉइंग पॉवर, म्हणजे हातातल्या मालावर जेवढं उचलता येतं ती रक्कम, घसरतं. समजा १० कोटींच्या गाठी बाहेर काढल्या. तिकडून ७ कोटी मिळाले, पण इकडे २५ टक्के मार्जिननं साडेसात कोटींचं पॉवर गेलं. म्हणजे नवा पैसा आलाच नाही, उलट अर्धा कोटी कमी झाला. तारणाचा फायदा कधी? माल इतका पडून आहे की पॉवर ४० च्या खूप वर जातं, तेव्हा. डिसेंबरअखेर तुमचं पॉवर किती निघतं?

सरकीपेंड_धुळे
गेल्या वर्षीचं स्टेटमेंट काढलं. डिसेंबरअखेर ५८ कोटी होतं. म्हणजे १८ कोटी लिमिटच्या वर. पण मग ३० ची वाढीव सीसी मिळाली तरी १८ च उचलता येणार?

तापीकाठ
हो! ड्रॉइंग पॉवरच्या वर बँक एक रुपया देणार नाही. हंगामातल्या भावानं आणि मालानं नवा अंदाज मांडा. ३० चं पॉवर निघत नसेल तर उरलेले १२ कोटी या तिन्हींतून सुरक्षितपणे येत नाहीत. पेपर विनातारण असतो म्हणून वरवर तो आणेल असं वाटतं, पण मागची लिमिट पुन्हा याच मालावर उभी राहते.

ताळेबंद_जळगाव
मला नाही पटत. नेटवर्थ १४० कोटी आहे, सगळंच काही मालावर अवलंबून नाही. गिरणीची जागा, मशिनरी मोकळी असेल तर त्यावर एक लहान कर्ज घेऊन बॅकअप दाखवता येईल. मग ८ ते १० कोटींचा छोटा पेपर, चारही महिने लागणाऱ्या रकमेपुरता. रिकामा पैसाच राहणार नाही.

तापीकाठ
१० कोटी चारही महिने लागतात हे खरं, कल्पना वाईट नाही. पण ६ लाखांपैकी बराच खर्च रक्कम लहान केली म्हणून कमी होत नाही. १० कोटींवर तो पावणेदोन टक्क्यांच्या वर बसतो, पेपर १० टक्क्यांवर जातो, बॅकअपचा खर्च वेगळा. मध्यस्थ ६ चे २ लाख करत असेल तर बोलू.

सरकीपेंड_धुळे
मशिनरीवर टर्म लोनचा बोजा आहे, जागा मोकळी आहे. सोमवारी बँकेत पीक लिमिटचा अर्ज घेऊन जातो, सोबत पॉवरचा अंदाज. मध्यस्थाला "शंभराला किती" विचारलं, तर म्हणाला गुंतवणूकदार ठरल्यावर सांगतो.

चोपडा_जिनिंग
साहेब, माझं खातं एमसीएलआरवरच निघालं. बदलायला बँक फी मागतेय, ती घेता येते का त्यांना?