मंगळवारच्या एक्स्पायरीनंतर बुधवारचे पिव्हट धरावेत का?

देवगडकर: मी निफ्टीत इंट्राडे करतो. एरवी सीपीआर आणि पिव्हट बऱ्यापैकी लागू पडतात, पण एक्स्पायरीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, दगा देतात. सध्या आंब्याच्या पेट्या वाशीला पाठवायची घाई असते, म्हणून साडेतीनला बाजार थांबला की चार्टवरचा शेवटचा भाव घेऊन लगेच लेव्हल काढून ठेवतो. बुधवारी पिव्हट वापरावेत की सोडून द्यावेत?

मांडवी, रत्नागिरी: वापरावेत. एवढे लोक तीच लेव्हल बघून ऑर्डर टाकतात, म्हणून ती चालते. एक्स्पायरी असली काय नि नसली काय, सूत्र तेच आहे.

चिपळूणकर: सूत्र तेच आहे, पण त्यात घातलेला बंद भाव सगळ्यांचा एकच नसतो. निफ्टीचा अधिकृत बंद भाव म्हणजे ३:२९ चा शेवटचा भाव नव्हे. निर्देशांकातल्या शेअरांच्या ३:०० ते ३:३० मधल्या व्यवहारांची भारित सरासरी काढतात, आणि तिच्यावरून तो ठरतो. ऑप्शनची अंतिम सेटलमेंटही याच आकड्यावर होते. त्यामुळे एक्स्पायरीला त्या अर्ध्या तासात मोठे पैसे पणाला लागलेले असतात. बाजार जोरात एका बाजूला धावला तर सरासरी आणि शेवटचा भाव यांत मोठं अंतर पडतं.

आकडे समजण्यासाठी घेतो. उच्चांक २५,१२०, नीचांक २४,९४०. शेवटच्या अर्ध्या तासात तेजी आली, शेवटचा भाव २५,१००, अधिकृत बंद २५,०५०. अधिकृत भावाने पिव्हट २५,०३७ येतो आणि सीपीआरची रुंदी जेमतेम १३ अंक. शेवटच्या भावाने पिव्हट २५,०५३ आणि रुंदी ४७. पिव्हट सोळा-सतरा अंकांनीच सरकला, पण सीपीआर तिपटीहून रुंद झाला. एकच दिवस, पण तुमच्या वहीतला सीपीआर सांगतो उद्या बाजार रेंगाळेल आणि अधिकृत आकडा सांगतो उद्या पळेल. देवगडकर, तुमचा घोळ बहुतेक इथेच आहे. पेट्या रवाना झाल्यावर रात्री अधिकृत भाव बघून लेव्हल काढा.

मालवणी माणूस: माझो अनुभव येगळो आसा. मंगळवारी दुपारी माझ्या कॉलचा आरएसआय २० च्या खाली गेला, ओव्हरसोल्ड म्हणून घेतला, आणि साडेतीनपर्यंत शून्यावर आला. म्हणजे इंडिकेटरच बिघडतात ना?

चिपळूणकर: आरएसआय बिघडला नाही, तो भलत्या चार्टवर लावलात. निफ्टी जागेवर थांबला तरी त्या दिवशी प्रीमियम तासातासाला विरघळतो, म्हणून स्ट्राइकच्या बाहेरच्या कॉलचा आरएसआय दुपारभर खालीच राहू शकतो. तिथे ओव्हरसोल्डचा अर्थ "स्वस्त झाला" असा होत नाही. आरएसआय निफ्टीच्या चार्टवर बघा. मूळ प्रश्न मात्र दुसऱ्या दिवशीच्या लेव्हलचा आहे.

मांडवी, रत्नागिरी: ठीक, अधिकृत बंद घेतला. मग प्रश्न संपला.

चिपळूणकर: अर्धा संपला. उच्चांक आणि नीचांकही सूत्रात आहेत. वरच्या उदाहरणात २५,१२० हा उच्चांक ३:२० ला लागला आणि त्याआधी दिवसभर २५,०६० च्या वर कोणी गेलं नव्हतं, असं धरा. ती ६० अंकांची उडी पोझिशन सोडवण्यातून आली असेल तर कारण संध्याकाळी संपलं, पण आकडा बुधवारच्या आर-वन, एस-वन मध्ये राहतो. म्हणून मी उच्चांक-नीचांक किती वाजता लागला हे आधी बघतो. तीननंतरचा असेल तर त्या लेव्हलवर पैसे लावत नाही. उडी कशामुळे आली हे मात्र चार्ट सांगत नाही. सेबीने जुलै २०२५ मध्ये जेन स्ट्रीटविरुद्धच्या अंतरिम आदेशात एक्स्पायरीच्या अखेरच्या टप्प्यात निर्देशांक हलवल्याचा आरोप केला, तोही व्यवहारांच्या नोंदी तपासून. कंपनीने तो नाकारला आहे.

गुहागरकर: मला ही कात्री पटत नाही. तीननंतरची चाल खरी बातमीवरचीही असू शकते. माझी अडचण उलटी आहे. कित्येक एक्स्पायरींना निफ्टी एका स्ट्राइकभोवती चिकटून बसतो, दिवसाची रेंज लहान होते, आणि बुधवारी आर-वन व एस-वन इतके जवळ येतात की पहिल्या पंधरा मिनिटांतच तुटतात. लोक त्याला ब्रेकआउट समजतात. अशा बुधवारी मी सोमवार-मंगळवारची मिळून रेंज घेतो.

चिपळूणकर: दोन दिवसांची रेंज चांगली, पण बॅकटेस्ट केलीत का? केली असेल तर वार बघून करू नका. निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी ऑगस्ट २०२५ पर्यंत गुरुवारी होती, सप्टेंबरपासून मंगळवारी आली, आणि मंगळवारी सुट्टी असेल तर सोमवारी होते. सगळे बुधवार एकत्र केलेत तर जुन्या डेटात ते एक्स्पायरीच्या आदल्या दिवसाचे निघतील.

गुहागरकर: वारानेच केली होती. तारखा लावून पुन्हा काढतो. तोवर दोन दिवसांची रेंज सोडत नाही.

देवगडकर: आजचा अधिकृत बंद बघितला. माझ्या वहीतल्या भावापेक्षा खाली आहे. दोन्ही सीपीआर काढून ठेवतो. उद्या सकाळी कोणता धरायचा, उच्चांक दुपारी दीडचा असेल तर?

चिपळूणकर: अधिकृत भावाचा. दीडच्या उच्चांकाला मी हात लावणार नाही.