विषय: सोन्याचा भारतातील भाव आंतरराष्ट्रीय भावापेक्षा कमी कसा?

प्रेषक: सुहास

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले, त्यानंतरच्या दिवसांत मी टिपून ठेवलेले आकडे पुढे देत आहे. सोयीसाठी ते थोडे गोळाबेरीज करून घेतले आहेत. आंतरराष्ट्रीय भाव औंसाला २,४०० डॉलर, डॉलर ८४ रुपये, आणि भारतात दहा ग्रॅमचा भाव ६८,१०० रुपये. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, या हिशेबाने आंतरराष्ट्रीय भाव दहा ग्रॅमला साधारण ७१,१०० रुपये पडतो. म्हणजे ६ टक्के शुल्क भरूनही भारतात सोने तीन हजारांनी स्वस्त! शुल्क आणि करांमुळे भारतातले सोने महाग असते, असे आपण सगळेच म्हणतो. ते चूक आहे की माझे गणित?

प्रेषक: प्रणव

सुहास, तुझे गणित मी तपासलेले नाही, पण भारतात सोने स्वस्त असणे शक्यच नाही. आयात होताना ६ टक्के शुल्क आणि त्याच वेळी ३ टक्के जीएसटी लागतो, आणि दुकानात पुन्हा ३ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे एकूण १२ टक्के, शिवाय करावर कर बसतो तो वेगळाच.

प्रेषक: मेधा

सुहास, तुमची चूक औंसात आहे. सोन्याचा औंस हा ट्रॉय औंस असतो आणि तो ३१.१०३५ ग्रॅमचा भरतो. तुम्ही घेतलेला २८.३५ ग्रॅमचा औंस किराणा मालाचा आहे. या एका आकड्याने आंतरराष्ट्रीय भाव जवळजवळ दहा टक्क्यांनी फुगतो आणि सगळे शुल्क त्यात गडप होते. मी ज्या बँकेत सोन्याच्या आयातीचे काम पाहत होते, तिथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला ही ठेच एकदा तरी लागलेली मी पाहिली आहे.

आता पुन्हा मांडू. २,४०० भागिले ३१.१०३५, गुणिले दहा, गुणिले ८४, म्हणजे ६४,८१६ रुपये. ही झाली शुल्काआधीची किंमत. त्यावर ६ टक्के, म्हणजे ३,८८९ रुपये शुल्क, आणि भाव झाला ६८,७०५. तुम्ही टिपलेले ६८,१०० याच्या जवळपास आहेत, कारण इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन जाहीर करते त्या भावात आयात शुल्क धरलेले असते, पण जीएसटी नसतो. दुकानात ६८,७०५ वर ३ टक्के, म्हणजे २,०६१ रुपये चढतात आणि घडणावळ सोडून ७०,७६६ रुपये होतात.

प्रणव, करावर कर बसतो हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. जीएसटी शुल्कासहित किमतीवर लागतो, म्हणून एकूण बोजा ९ टक्के नसून ९.१८ टक्के होतो. पण जीएसटी दोनदा मोजू नका. आयातदाराने भरलेला ३ टक्के कर त्याला पुढच्या विक्रीवरील करातून वळता करून घेता येतो, तसाच तो सराफापर्यंत वळता होत येतो आणि अखेर एकदाच, ग्राहकावर पडतो. आयात शुल्काला अशी सवलत नाही. ते एकदा भरले की धातूच्या किमतीत मुरते आणि पुढे कोणत्याही बिलावर वेगळे दिसत नाही.

प्रेषक: अनिल

मेधाताई, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. काही वर्षांपूर्वी मी इथून, परदेशातून, दोन सोन्याची नाणी भारतात घेऊन गेलो होतो, कारण परदेशात राहणाऱ्या पुरुषाला वीस ग्रॅमपर्यंत सोने शुल्काशिवाय नेता येते असे मी ऐकले होते. विमानतळावर मला सांगण्यात आले की ही सवलत फक्त दागिन्यांना आहे, नाण्यांना नाही, आणि मला शुल्क भरावे लागले. ते जाऊ द्या. २०२३ मध्ये मी भारतातच आणखी एक दहा ग्रॅमचे नाणे घेतले. ते विकायला गेलो तर भरलेले शुल्क आणि कर परत मिळतात का?

प्रेषक: मेधा

अनिलकाका, विमानतळावर तुम्हाला सांगितले गेले ते नियमाला धरूनच होते. शुल्क परत मिळते का, याचे उत्तर मात्र अर्धे ‘हो’ आहे. सराफ जुने सोने भारतातल्या भावाने घेतो आणि त्या भावात शुल्क मुरलेलेच असते, त्यामुळे मोडीच्या वेळी ते तुमच्या हाती येते. जीएसटी येत नाही. अडचण अशी, की येते ते विक्रीच्या दिवशीच्या दराचे शुल्क, तुम्ही भरलेल्या दराचे नव्हे. २०२३ मध्ये शुल्क १५ टक्के होते. वरच्याच आकड्यांवर १५ टक्के लावले तर भाव ७४,५३८ होतो, ६ टक्क्यांनी ६८,७०५. म्हणजे जगात सोन्याचा भाव एका पैशानेही न हलता दहा ग्रॅममागे ५,८३३ रुपये उतरले, आणि ते ज्याच्या तिजोरीत सोने होते त्याचे उतरले. ज्या व्यापाऱ्यांनी आदल्या आठवड्यात १५ टक्के भरून माल सोडवला होता, त्यांना यातून सुटका नव्हती. तुम्हाला हा फटका कदाचित जाणवणारही नाही, कारण त्यानंतर आंतरराष्ट्रीय भावच खूप चढला.

प्रेषक: सुहास

ट्रॉय औंसाबद्दल मनापासून आभार. थोडी लाजही वाटली. तरी ६८,७०५ आणि ६८,१०० यांत ६०५ रुपयांचा फरक राहतोच. तो कुठे गेला?

प्रेषक: मेधा

तुम्ही कोणत्या शुद्धतेचा भाव टिपला होता, हे आधी पाहावे लागेल. आंतरराष्ट्रीय भाव चोख सोन्याचा असतो. तुमचा भाव ९९५ शुद्धतेचा, म्हणजे हजारात ९९५ भाग चोख सोन्याचा असेल, तर ६८,७०५ च्या जागी ६८,३६१ धरा, म्हणजे ३४४ रुपयांचा उलगडा होतो. उरले २६१, म्हणजे औंसाला साधारण साडेनऊ डॉलर. व्यापारी याला ‘डिस्काउंट’ म्हणतात: मागणी मंद असली की शुल्कासहित पडणाऱ्या किमतीपेक्षाही कमी भावाने माल द्यावा लागतो, आणि सणासुदीला माल अपुरा पडला की उलट ‘प्रीमियम’ लागतो.

आणखी एक बारकावा आहे. शुल्क रोजच्या बाजारभावावर नव्हे, तर केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ साधारण दर पंधरवड्याला जाहीर करते त्या मूल्यावर आकारले जाते. समजा, ते मूल्य दहा ग्रॅमला ७७२ डॉलर ठरले आणि चारच दिवसांत बाजार ८०४ डॉलरवर गेला, तरी नवे मूल्य जाहीर होईपर्यंत शुल्क ७७२ वरच लागते. दहा ग्रॅममागे १६० रुपयांचा फरक पडतो. १५ टक्के शुल्क असताना तो ४०० होता. त्यामुळे भाव झपाट्याने चढत असताना तुमच्या हिशेबात शुल्क सहा टक्क्यांपेक्षा किंचित कमी भासेल.

प्रेषक: प्रणव

मग डिस्काउंटचे कारण फक्त मंद मागणी कसे? शुल्क १५ टक्के होते तेव्हा चोरट्या मार्गाने येणारे सोनेही भाव पाडत असणारच.

प्रेषक: मेधा

पाडत असे, हे मान्य. शुल्क चुकवलेल्या मालाला डिस्काउंट देणे परवडते, आणि त्याच्याशी स्पर्धा करताना बँकांमार्फत रीतसर आलेला माल पडून राहिलेला मी पाहिला आहे. पण एखाद्या दिवशीच्या साडेनऊ डॉलरमध्ये त्याचा वाटा किती आणि मंद मागणीचा किती, हे भावाच्या आकड्यावरून वेगळे काढता येत नाही.

प्रेषक: सुहास

वही पुन्हा उघडून पाहिली. आकड्यापुढे बारीक अक्षरात ९९५ लिहिलेले आहे.