डिश लावूनही डायपोलपेक्षा जेमतेम १२ डेसिबलच वाढ, फीड चुकतंय का?

नागपुरातल्या गच्चीवरून कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागेतल्या कॅमेऱ्यापर्यंत २.४ गिगाहर्ट्झची लिंक आहे. मध्ये अडथळा नाही. बागेतला अँटेना उभा, म्हणजे ध्रुवीकरण उभं.

घरच्या बाजूला साधा अर्धतरंग डायपोल असताना सिग्नल −७४ डीबीएम होता. मग ६० सेंमीची जाळीची, मध्यभागी फीड असलेली डिश लावली आणि तोच डायपोल नाभीवर उभा बसवला. ५०% कार्यक्षमता धरली तर डिशचा गेन साधारण २०.५ डीबीआय येतो आणि डायपोलचा २.१५, म्हणजे १८ डेसिबल तरी वाढायला हवे होते. मिळतात −६२, वाढ फक्त १२ ची.

केबल, कनेक्टर तेच आहेत. फीड ९० अंश फिरवला की सिग्नल धाडकन पडतो, म्हणजे ध्रुवीकरण जुळलेलं आहे. फीड मागेपुढे सरकवून आणि डिश हळूहळू फिरवून कमाल जागा शोधली. बीम जेमतेम १५ अंशांचा, त्यामुळे हे चिकाटीचंच काम.

माझा संशय डायपोलच्या पॅटर्नवर आहे. उभा डायपोल आडव्या प्रतलात सगळीकडे सारखाच बघतो, म्हणून त्याची निम्मी नजर डिशवर नसतेच. शिवाय मागून थेट येणारा सिग्नल डिशवरून आलेल्यात मिसळतो.

बजेट कमी आहे, तयार फीड नको. डायपोलमागे, डिशच्या विरुद्ध बाजूला, पाव तरंगलांबीवर (सुमारे ३ सेंमी) पत्रा लावला तर राहिलेल्या ६ डेसिबलपैकी किती परत येतील? पत्र्याचा व्यास किती ठेवू, की सरळ ९ सेंमी व्यासाच्या डब्याचा फीड करू?