मदत हवी आहे: कॉफी मलाच एवढी कडू का लागते?

तुकोगंजकर: मंडळी, नवरा मोका पॉटमधे कॉफी करतो, डार्क रोस्ट, बारीक दळलेली, तो बिनदुधाची मजेत पितो आणि मला पहिल्याच घोटाला जिभेच्या मागे असं कडू बसतं की दोन चमचे साखर घालूनही जात नाही. कारलंही मला चालत नाही, सासूबाई गूळ घालून करतात तरी. माझी जीभ वेगळी आहे की कॉफीच गडबड आहे? चहावर जा म्हणू नका, चहा आहेच.

छप्पनचा_चाखू: रोबस्टा असणार, त्यात कॅफीन जवळपास दुप्पट. अरेबिका घ्या, विषय संपला.

दत्तूमामा: मलाही कॉफीने छातीत जळजळ होते. आधी पोहे खा, मग कॉफी.

तुकोगंजकर: मामा, जळजळ नाही हो, चवीचं विचारतेय. आणि पुड्यावर अरेबिकाच लिहिलंय.

भट्टीवाला: चाखू भिया, रोबस्टा जास्त कडू हे बरोबर, पण कॉफीच्या कडूपणात कॅफीनचा वाटा थोडाच, डिकॅफ पण कडूच लागते की. बाकीचा बराचसा कडूपणा भाजताना तयार होतो, आणि बी काळं तेलकट होईपर्यंत भाजलं की जो जिभेला चिकटून राहणारा रखरखीत कडूपणा येतो ना, तो अरेबिकातही येतो. ताईंचं वर्णन तेच वाटतंय.

जिभेचं म्हणाल तर फरक जन्मजात असतो. कडू ओळखणारे रिसेप्टर पंचवीसेक प्रकारचे आहेत, आणि एकाच घरात दोघांचे वेगळे निघतात. पण कारल्यावरून कॉफीचा अंदाज बांधू नका, एक नको वाटणारा दुसरं आवडीने घेतो.

आधी आहे तीच पावडर वापरून बघा. खालच्या भांड्यात उकळतं पाणी भरा, म्हणजे पावडर गॅसवर फार वेळ तापत नाही, आच मंद ठेवा आणि घुरघुर सुरू झाली की लगेच उतरवा, शेवटी वाफ येते ती सगळा कडूपणा ओढून आणते. कपात चिमटीहून कमी मीठ टाका, खारट लागता कामा नये. मीठ कडू दाबतं, साखरेपेक्षा नीट.

तेवढ्याने नाही भागलं तर चिकमंगळूर किंवा कूर्गची मीडियम रोस्ट अरेबिका घ्या, जाडसर, रव्यासारखी दळलेली. १५ ग्रॅमला २५० मिली पाणी, उकळी मोडल्यावर मिनिटभर थांबून ओता, फ्रेंच प्रेसमधे चार मिनिटं. आंबट लागली तर थोडी बारीक दळा, कडू लागली तर अजून जाड.

तुकोगंजकर: मिठाचा प्रयोग आत्ताच केला, खरंच फरक आहे! नवरा म्हणतो कॉफीची वाट लावली. आणि चिकोरीवाली साउथ इंडियन फिल्टर कॉफी दुधातली मला चालते, ती कशी?

भट्टीवाला: दुधातलं प्रोटीन कडू द्रव्यं धरून ठेवतं. चिकोरी स्वतः कडूच, पण तिचा कडूपणा वेगळा, भाजल्या साखरेसारखा.

छप्पनचा_चाखू: चिकोरी म्हणजे भेसळ. मी नाही मानत.